काकांचा निरोप, पाच मिनिटं आणि दोन भाषा

वाचकाचं पत्र

मी नागपुरात मिहानमधल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे. आमचे लेखापाल, ज्यांना सगळेच काका म्हणतात, या महिनाअखेर रिटायर होत आहेत. निरोपाचं भाषण माझ्याकडे आलंय, वेळ पाच मिनिटं. टीममध्ये अर्धे मराठी, बाकीचे केरळ, बंगाल, आंध्रातले. चेन्नईचे मोठे साहेब व्हिडिओवर असतील. काकांच्या घरून काकू आणि त्यांच्या आई येणार आहेत, त्यांना इंग्रजी येत नाही. मी मराठीत लिहिलं आणि मग त्याचं इंग्रजी केलं. एकेक परिच्छेद दोन्ही भाषांत वाचून पाहिला, तर नऊ मिनिटं लागतात आणि इंग्रजी अगदी कोरडं वाटतं. मैत्रीण म्हणते, नागपूर आहे, सरळ हिंदीत बोल ना. मसुदा सोबत पाठवते. काय करू?

उत्तर

नमस्कार ताई,

मसुदा नीट वाचला. इंग्रजी कोरडं आहे हे खरं, पण दोष मला इंग्रजीत दिसत नाही. तुमचं पहिलं वाक्य बघा: ‘काका म्हणजे आमच्या विभागाचे आधारवड होते, त्यांचे मार्गदर्शन, जिव्हाळा आणि आपुलकी सदैव स्मरणात राहील.’ मराठीत हे कानाला बरं लागतं, कारण अशी वाक्यं आपण प्रत्येक सत्कारात ऐकत आलोय. लयीवरच ती चालून जातात. इंग्रजीत ती लय उरत नाही, मग खाली काय आहे ते दिसतं, आणि खाली काही नसतं. हेच वाक्य दुसऱ्या कुठल्याही काकांना लावलं तरी बसेल. तुमच्या इंग्रजीने तुम्हाला मराठी मसुद्याचा दोष दाखवला, एवढंच.

तिसऱ्या परिच्छेदात मात्र तुम्ही एकतीस मार्चच्या रात्रीची गोष्ट चार ओळींत उरकली आहे. माझ्या मते भाषण तिथेच आहे. खातं २७० रुपयांनी जुळत नव्हतं, सगळे घरी जायच्या बेतात होते, आणि काकांनी त्या २७० ला नऊने भागलं. शेजारशेजारचे दोन आकडे लिहिताना उलटे पडले, तर येणाऱ्या फरकाला नऊने पूर्ण भाग जातो, हा हिशेबनिसांचा जुना ठोकताळा आहे. भाग गेला म्हणजे आकडे उलटलेच असं नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. मग टॅक्सीचं बिल सापडलं: रक्कम १,६३०, नोंद १,३६०. आणि ती नोंद तुमची होती, जी गोष्ट काकांनी आजवर कोणालाही सांगितली नाही. ताई, हे तुम्ही कंसात लिहिलंय. ते कंसातून बाहेर काढा.

या गोष्टीचा फायदा असा की ती कुठल्याही भाषेत उभी राहते. २७०, नऊ, मार्च एंड, टॅक्सीचं बिल, व्हाउचर हे शब्द केरळच्या आणि कोलकात्याच्या माणसालाही तुमच्याइतकेच ओळखीचे आहेत. मराठीतून ऐकतानाही त्याला ते मधूनमधून हाताशी येतात. म्हणूनच भाषणातलं मराठी ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. व्हाउचरला प्रमाणक आणि टीमला चमू म्हटलंत, की जे लोक निम्मं समजू शकत होते त्यांची तीही वाट बंद होते. काकूंनाही व्हाउचरच जास्त कळेल, बावीस वर्षं घरी तेच ऐकलं असेल त्यांनी.

आता नऊ मिनिटांकडे येऊ. तुम्ही असं धरून चालला आहात की न्याय म्हणजे प्रत्येक वाक्य प्रत्येकाला त्याच्या भाषेत मिळणं. मिश्र ऑफिसात रोज असं होतं का? जेवणाच्या डब्यांभोवती दोन मिनिटं मराठी चालतं, दोन मिनिटं बंगाली, आणि कोणी नाराज होत नाही. न कळण्याचा त्रास माणसाला कमी होतो. त्रास होतो तो, हे किती वेळ चालणार आहे आणि बाकीचे कशाला हसताहेत हे ठाऊक नसलं की. दोन्हींवर इलाज आहे, आणि तो भाषांतर नाही.

इलाज असा: गोष्ट मराठीत सांगायच्या आधी इंग्रजीत तिची दोन-तीन वाक्यांची ओळख द्या आणि किती वेळ मराठीत बोलणार तेही सांगा. आधी, नंतर नाही. गंमत मराठीत सांगून मग तिचं इंग्रजी केलं की पहिला हशा अर्ध्या खोलीत उठतो, उरलेले भांबावून हसतात, आणि दुसऱ्यांदा सांगितलेल्या गमतीला कोणीच हसत नाही. ओळख आधी दिली, तर ज्यांना मराठी येत नाही तेही कान टवकारून बसतात आणि सगळ्यांबरोबरच हसतात. ओळखीत प्रसंगाची मांडणी सांगायची, शेवट नाही.

दुसरं, प्रत्येक परिच्छेदापाशी थांबून विचारा की हे मी कोणाला सांगतेय. काकांना उद्देशून जे आहे ते मराठीतच शोभेल. ते मराठीत रागावतात, मराठीत माया करतात, आणि समोर त्यांची आई बसलेली असेल. साहेबांना कळायला हवं ते इंग्रजीत. दोघांनाही लागतं असं फार थोडं निघेल, बहुधा एखादं वाक्य आणि शेवटच्या शुभेच्छा. तेवढंच दोन्हींत.

नमुना करून दाखवते. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या कागदावरही तशीच लिहा. बोलायच्या कागदावर दोन लिप्या असल्या की नजर अडखळते, आणि अडखळलेली नजर आवाजात ऐकू येते.

सुरुवात अशी: ‘गुड आफ्टरनून. आय विल टेल अ टू-मिनिट स्टोरी इन मराठी, सो हिअर इज द सीन. थर्टी-फर्स्ट मार्च, निअर मिडनाइट. अवर बुक्स आर ऑफ बाय टू हंड्रेड सेव्हंटी रुपीज. एव्हरीवन वॉन्ट्स टू गो होम. काका वॉन्ट्स टू डिव्हाइड. लिसन फॉर द वर्ड नऊ. इट मीन्स नाइन.’

मग मराठी: ‘रात्रीचे पावणेबारा. २७० रुपये कुठे गेले ते कोणालाच कळेना. मी म्हटलं, काका, उद्या बघू. काका म्हणाले, “टेन्शन कायले घेते? सापडून राहिलं ना.” त्यांनी २७० ला नऊने भागलं. तीस. पूर्ण भाग गेला. म्हणाले, “पैसा गेला नाही बाप्पा, आकडा उलटा बसला आहे.” मग एकेक व्हाउचर. शेवटी टॅक्सीचं बिल निघालं. १,६३० चे झाले होते १,३६०. खाली सही होती’ आणि इथे काही न बोलता स्वतःकडे बोट दाखवा. त्या बोटाला भाषा लागत नाही. हशा पिकेल, तो पिकू द्या. चेन्नईचा हशा व्हिडिओवर एक-दोन सेकंद उशिरा येतो, तेवढं थांबा.

मग आवाज खाली आणून: ‘काकांनी नोंद दुरुस्त केली, पेन ठेवलं आणि म्हणाले, “चहा सांगा.” चूक कोणाची, हे त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही.’ आणि लगेच: ‘द मिस्टेक वॉज माइन. ही नेव्हर टोल्ड एनीवन.’ हे एक वाक्य मी दोन्ही भाषांत ठेवलंय. गंमत दुसऱ्यांदा सांगितली की मरते, पण असं शांत वाक्य दुसऱ्यांदा ऐकलं तर कमी होत नाही. शिवाय गोष्टीचं सारं वजन त्यातच आहे, ते साहेबांपर्यंत पोचायलाच हवं. चूक तुमची स्वतःची आहे म्हणून ती साहेबांसमोर सांगायला हरकत नाही. दुसऱ्या कोणाची असती तर त्या माणसाला विचारल्याशिवाय मी ही गोष्ट घ्या म्हटलं नसतं.

काकांचे शब्द मी तुमच्या मसुद्यापेक्षा वेगळे लिहिलेत, ते बघा. तुम्ही लिहिलं होतं: ‘काळजी करू नकोस, चूक नक्की सापडेल, असे ते म्हणाले.’ नागपूरचा कोणता काका असं बोलतो? त्यांच्या तोंडी पुस्तकी मराठी घातलंत तर काकूच पहिल्यांदा हसतील. अर्थात ‘सापडून राहिलं’ हा माझा अंदाज आहे. ते खरोखर कसं म्हणाले असतील ते तुम्हाला ठाऊक, तसंच लिहा. इंग्रजी भागातही त्यांचं बोलणं आलं तर ते मराठीतच राहू द्या. ‘होऊन राहिलं ना’ हे वाक्य ऑफिसातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असणार. बिलाचे पैसे कधी मिळतील असं विचारल्यावर दुसरं काय उत्तर मिळतं? अशी दोन-तीन वाक्यं टीमच्या सामाईक मालकीची असतात. ती तशीच वापरायची.

पुढचं एक मिनिट दुसऱ्याला द्या. परप्रांतातून आलेला जो सहकारी काकांच्या जवळचा असेल, त्याला त्याची स्वतःची गोष्ट इंग्रजीत सांगू द्या. मे महिन्यात पहिल्यांदा नागपुरात आलेल्या माणसाकडे अशी गोष्ट असतेच: कोणी भाड्याने कूलर आणून दिला, कोणी खिशात कांदा ठेवायला सांगितला. तुम्ही लिहून देऊ नका, फक्त वेळ सांगा आणि एक अट घाला: गोष्ट एकच, विशेषणं नाहीत. यामुळे इंग्रजी हा मराठीचा अनुवाद राहत नाही, त्यात नवं काहीतरी येतं. मराठी लोकही मग त्या मिनिटात घड्याळाकडे न बघता ऐकतील. त्याला शेवटी एखादं मराठी वाक्य म्हणायचं असेल तर ते त्याने त्याच्या लिपीत, मल्याळममध्ये किंवा बांगलात, कानाला येईल तसं लिहून घ्यावं. रोमन अक्षरांवरून वाचलं तर ट आणि त, ड आणि द यांचा गोंधळ होणारच. काकांच्या आडनावाचीही आधीच तालीम करून घ्या. विदर्भातलं धोटे हे आडनाव रोमनवरून वाचणारा माणूस ढोते किंवा ढोटेही म्हणू शकतो, त्याची काही चूक नसते.

मग पुन्हा तुम्ही, आणि आता थेट काकांकडे बघून, मराठीत. इथे तुमच्या मसुद्यातली एक गोष्ट बदला. तुम्ही सगळं भूतकाळात लिहिलंय: ‘काका फार प्रेमळ होते, कडक होते पण मनाने हळवे होते.’ ताई, माणूस समोर खुर्चीवर बसलाय आणि शेजारी त्याची आई आहे. इंग्रजीत ‘ही वॉज अ काइंड मॅन’ हे तर सरळ शोकसभेतलं वाक्य होतं. काम भूतकाळात, माणूस वर्तमानकाळात, इतकं पाळलं तरी दोन्ही भाषांत भागतं. ‘तुम्ही बावीस वर्षं आमचं खातं जुळवलंत’ ठीक आहे, पण स्वभाव सांगताना ‘तुम्ही प्रेमळ आहात’ असंच म्हणा. त्याच कारणाने ‘अखेरचा निरोप’ आणि ‘स्मृती सदैव जिवंत राहतील’ हे दोन्ही काढून टाका. आपण हे शब्द वर्तमानपत्राच्या कोणत्या पानावर वाचतो ते आठवा.

आदराचा घोळही इथेच होतो. मराठीत काका ‘ते’ आणि ‘तुम्ही’ आहेत, इंग्रजीत एकदम ‘ही’ आणि ‘यू’ होतात, आणि ते उणं वाटू नये म्हणून लोक वाक्यावाक्याला ‘सर’ किंवा ‘रिस्पेक्टेड’ लावत सुटतात. गरज नाही. दोन्ही भाषांत ‘काका’ म्हणा. ऑफिसात सगळे तसंच म्हणतात, आणि चेन्नईच्या साहेबांनाही ते नाव माहीत असणार. ‘अंकल’ मात्र करू नका, त्याने ते कोण्या शेजाऱ्यासारखे वाटू लागतात.

शेवटी शुभेच्छांचं एकेक वाक्य, दोन्हींत, पण एकमेकांचा अनुवाद नको. मराठीत म्हणा: ‘काका, एक एप्रिलला सकाळी अकरापर्यंत झोपा, आणि आम्हाला फोन करून सांगा.’ इंग्रजीत म्हणा: ‘काका, नेक्स्ट मार्च, प्लीज कीप युअर फोन ऑन.’ रोख एकच आहे, पण ज्याला दोन्ही भाषा येतात त्याला दोनदा काहीतरी मिळतं. तुमच्या ऑफिसात अशीच माणसं जास्त आहेत. पूर्ण अनुवादाचा सगळ्यात जास्त कंटाळा त्यांनाच येतो, आणि त्यांचा विचार कोणी करत नाही.

आता वेळ. इंग्रजीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द होतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, म्हणून शंभरच्या आसपास धरा. सुरुवातीची ओळख अर्धा मिनिट, गोष्ट दीड ते दोन, सहकाऱ्याची गोष्ट एक, काकांशी थेट बोलणं पाऊण मिनिट, शुभेच्छा आणि हशांसाठी उरलेला वेळ. म्हणजे तुमच्या तोंडचा मजकूर साडेतीनशे शब्दांच्या पुढे जाता कामा नये. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनात वाचलेलं नेहमी कमी वेळात संपतं.

हिंदीचं म्हणाल, तर तुमची मैत्रीण अगदीच चुकीचं सांगत नाही. १९५६ पर्यंत हे शहर आधी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची, म्हणजे हिंदी आणि मराठी दोन्ही मुलखांची राजधानी होतं. आपल्या बोलण्यात हिंदी तेव्हापासून मुरलेली आहे, बर्डीवर खरेदी करताना आपण भाषा कधी बदलली हे आपल्यालाही कळत नाही. पण तुमच्या श्रोत्यांचा हिशेब करा. काकांच्या आईला हिंदी कळेल, पण लेकाचं कौतुक त्यांना मराठीत ऐकायचं असणार. केरळच्या आणि चेन्नईच्या माणसाला हिंदी इंग्रजीपेक्षा जवळची असेल असं समजायला काही आधार नाही. म्हणजे हिंदी घेतलीत तर सगळ्यांना थोडं थोडं परकं वाटेल. हां, केक कापताना, फोटो काढताना जे आपोआप येईल ते येऊ द्या, तिथे कोण अडवतंय. आणि टीममध्ये कोणाची घरची भाषा हिंदी असेल तर त्याने हिंदीत बोलावं, ते निराळं.

कार्डाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण ते होणारच. कार्ड घरी जातं आणि काकू ते वाचतात, तेव्हा मधला मजकूर मराठीत आणि भोवती प्रत्येकाची एक ओळ त्याच्या भाषेत, त्याच्या लिपीत, हाताने. एकच सूचना: छपाईला देताना मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरून नुसता पाठवू नका, सोबत पीडीएफ द्या. बऱ्याच दुकानांत अजून जुन्या फॉन्टवर काम चालतं. मजकूर त्यात उतरवताना पहिली वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाते, जोडाक्षरं फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. छापण्याआधी नमुना मागा आणि त्यात ‘निवृत्ती’ आणि ‘वर्षं’ हे दोन शब्द तपासा. ते नीट आले तर बाकीचं बहुधा नीट येतं.

तुमच्यासारखंच कोड पडलेल्या इतरांसाठी थोडं. जाणारा माणूस मराठी नसेल तर हीच मांडणी उलटी करा: थेट त्याच्याशी बोलणं इंग्रजीत किंवा त्याच्या भाषेत, आणि नागपुरात राहून त्याला जी दोन मराठी वाक्यं आली तेवढीच मराठीत. तुम्हीच सोडून जात असाल आणि मेल लिहायची असेल, तर वर मराठी आणि खाली तेच इंग्रजी असं रचू नका. फोनवर लोक वरचाच भाग बघतात, खाली आपल्या भाषेत काही आहे हे निम्म्यांना कळतही नाही. सगळ्यांना जायची ती मेल इंग्रजीत, आठ-दहा ओळींची: शेवटचा दिवस, काम कोणाकडे दिलं, पुढचा संपर्क. मराठीतलं जिव्हाळ्याचं ज्याचं त्याला वेगळं पाठवा. तसं सगळ्यांच्या मेलमध्ये कोणी वाचतही नाही.

शेवटचं, ताई. तुमच्यानंतर काका उत्तर देतील, आणि ते मराठीत, लांब आणि बहुधा न लिहिता देतील. त्यांना मध्ये थांबवून अनुवाद करू नका. एखाद्या मराठी सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा की त्याने व्हिडिओच्या चॅटमध्ये दर मिनिटाला एक ओळ इंग्रजीत टाकायची: काका आता कोणाबद्दल बोलताहेत, कशाला हसताहेत. काका रडले तर त्याची ओळ टाकायची गरज नाही, ते चेन्नईला दिसेल.